खात्यासोबतचे मोफत आरोग्य कवच प्रत्यक्षात किती पैसे देते?

बचत खाते, पगार खाते, क्रेडिट कार्ड किंवा कर्ज यांच्यासोबत बँका जे मोफत ‘आरोग्य कवच’ देतात, ते बहुतेक वेळा मेडिक्लेम नसते. मेडिक्लेममध्ये रुग्णालयाचे बिल विमा रकमेच्या मर्यादेत भागवले जाते, मग दाखल होण्याचे कारण आजार असो वा अपघात. खात्यासोबतच्या कवचात मात्र साधारणपणे तीनच गोष्टी असतात. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम, अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास मर्यादित खर्चाची भरपाई आणि रुग्णालयात राहिल्याच्या प्रत्येक दिवसामागे ठरावीक रोख भत्ता. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘हेल्थ’ लिहिलेले असले, तरी आजारपणासाठी यातली फक्त तिसरी गोष्ट उपयोगी पडू शकते, आणि तीही प्रत्येक योजनेत नसते.

हे असे का, याचे उत्तर विम्याच्या किमतीत आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत 2 लाख रुपयांच्या अपघाती मृत्यू कवचाचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. 1 जून 2022 पूर्वी तो 12 रुपये होता. म्हणजे याच दराने हिशेब केला तर 10 लाखांचे अपघात कवच शंभर रुपयांत होते. लाखो खातेदारांचा गट एकत्र आणणाऱ्या बँकेला हा खर्च सहज परवडतो, कारण त्या बदल्यात तिला टिकणारे खाते आणि त्यातली शिल्लक मिळते. चौघांच्या कुटुंबाच्या 5 लाखांच्या मेडिक्लेमला मात्र दरसाल काही हजार रुपये पडतात आणि वय वाढेल तसा तो आकडा झपाट्याने चढतो. एवढी रक्कम कोणतीही बँक खातेदारासाठी स्वतःच्या खिशातून भरणार नाही. त्यामुळे ‘मोफत आरोग्य विमा’ असे कानावर पडले की तो अपघाताचा असावा किंवा रोज भत्त्याचा असावा, असे धरून चौकशी सुरू करणे व्यवहाराचे ठरते.

मोफत या शब्दालाही किंमत असते. अशी कवचे बऱ्याचदा जास्त सरासरी शिल्लक मागणाऱ्या खात्यांवर असतात. समजा, साध्या खात्याऐवजी असे खाते घेतल्यामुळे 25,000 रुपये सतत अडकून राहिले. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज आणि मुदत ठेवीवर साडेसहा टक्के धरले, तर फरक चार टक्क्यांचा, म्हणजे वर्षाला 1,000 रुपयांचा होतो. खातेदार हे हजार रुपये दरवर्षी देतो, फक्त पासबुकात त्याची नोंद कुठे दिसत नाही. त्या बदल्यात मिळणारे कवच उपयोगाचे असेल तर हा सौदा वाईट नाही, पण तो सौदा आहे हे आधी कळले पाहिजे.

पॉलिसी कोणाची?

खात्यासोबतचा विमा हा गट विमा असतो. विमा कंपनी आणि बँक यांच्यात एक मुख्य करार होतो, त्याला मास्टर पॉलिसी म्हणतात. पॉलिसीधारक बँक असते आणि खातेदार हा त्या गटातला सदस्य. सदस्याच्या हाती पॉलिसी येत नाही. त्याला विम्याचे प्रमाणपत्र मिळायला हवे, पण मोफत कवचाच्या बाबतीत अनेकांना तेही मिळालेले नसते, कारण कवच खात्याच्या किंवा कार्डाच्या सोयींमध्ये एका ओळीत उल्लेखलेले असते आणि बाकी सगळे ‘अटी लागू’ या दोन शब्दांत जाते.

यातून एक मोठी मर्यादा येते. मुख्य करार साधारणपणे वर्षाचा असतो. बँकेने पुढच्या वर्षी विमा कंपनी बदलली, रक्कम कमी केली किंवा योजना बंद केली, तर खातेदाराची संमती लागत नाही. पगार खात्याच्या बाबतीत आणखी एक कलाटणी असते. सलग काही महिने पगार जमा झाला नाही की बँक त्या खात्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर करते आणि पगार खात्याच्या सवलतींबरोबर विमाही संपतो. नोकरी बदलणारा माणूस नवीन कंपनीच्या बँकेत खाते उघडतो आणि जुन्या खात्यावरचे कवच चालू आहे असे समजून राहतो. निवृत्त होणाऱ्याचेही तसेच होते. शिवाय अनेक योजनांत वयाची कमाल मर्यादा असते. आरोग्य विम्याची गरज वाढते नेमक्या त्या वयात हे कवच सुटते, ही त्यातली सर्वांत गंभीर उणीव आहे. स्वतःच्या नावावर घेतलेला मेडिक्लेम असा सुटत नाही. हप्ता वेळेवर भरला आणि फसवणूक केलेली नसली, तर आधी क्लेम केले म्हणून कंपनी त्याचे नूतनीकरण नाकारू शकत नाही.

कवच कोणाला आहे, हाही प्रश्न विचारावा लागतो. संयुक्त खात्यात पती आणि पत्नी दोघांची नावे असली, तरी विमा बहुधा पहिल्या नावाच्या खातेदारालाच असतो. मुले आणि आईवडील त्यात नसतात. घरात एकूण चार माणसे आणि कवच एकाला, असे चित्र सर्रास आढळते.

एका खात्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊन आकडे मांडले की हे कवच कुठे चालते आणि कुठे चालत नाही ते स्पष्ट होते. समजा, पुण्यातल्या एका चाळिशीतल्या नोकरदाराच्या खात्यावर तीन सोयी आहेत. 10 लाखांचे अपघाती मृत्यू कवच, अपघाताने दाखल झाल्यास वर्षाला 1 लाखापर्यंत रुग्णालय खर्च आणि रुग्णालयात राहिल्यास रोज 1,000 रुपये भत्ता, वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. त्याच्याकडे दुसरा कोणताही विमा नाही, कारण ‘बँकेचा आहे’ अशी त्याची समजूत आहे.

पावसाळ्यात त्याला डेंग्यू होतो. सोमवारी रात्री आठ वाजता तो दाखल होतो आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता घरी येतो. बिल होते 72,000 रुपये. अपघाताचा खर्च देणारी सोय इथे लागू नाही, कारण डेंग्यू हा आजार आहे. राहिला रोज भत्ता. घरच्यांच्या मोजणीने सोमवार ते शुक्रवार हे पाच दिवस आणि पाच हजार रुपये. विमा कंपनी मात्र वार मोजत नाही, सलग पूर्ण झालेले 24 तास मोजते. सोमवारी रात्री आठपासून शुक्रवारी सकाळी दहापर्यंत तीन दिवस आणि चौदा तास होतात. म्हणजे पूर्ण दिवस तीनच. बऱ्याच योजनांत पहिल्या 24 तासांची वजावट असते, ती गेली की उरतात दोन. हाती येतात 2,000 रुपये. आणि भत्ता फक्त अपघाती दाखल्यापुरता असेल, तर तेवढेही नाहीत. 72,000 पैकी किमान 70,000 रुपये त्या माणसाच्या बचतीतून जातात.

आता त्याच माणसाचा दुसरा प्रसंग. ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरते, मनगटाचे हाड मोडते, प्लेट बसवण्याची शस्त्रक्रिया होते आणि तो दोन दिवस रुग्णालयात राहतो. बिल 1,35,000 रुपये. त्यातून हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबत राहणाऱ्याचे जेवण अशा न मिळणाऱ्या बाबी वजा होतात, समजा 8,000. मान्य खर्च 1,27,000 राहतो आणि मर्यादा 1 लाखाची असल्याने 1 लाख रुपये मिळतात. इथे कवचाने खरोखर काम केले. म्हणून अशी सोय निरुपयोगी आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र त्याच मनगटाला शस्त्रक्रियेची गरज पडली नसती आणि डॉक्टरांनी प्लास्टर घालून दोन तासांत घरी पाठवले असते, तर काहीच मिळाले नसते. बहुतेक योजनांत किमान 24 तास दाखल असणे ही पहिली अट असते. स्कूटर चालवणाऱ्याकडे वाहन परवाना नसेल किंवा त्याने मद्य घेतले असेल, तर हा 1 लाखाचा क्लेमही जातो.

या दुसऱ्या प्रसंगात एक सोय अनेकांच्या ध्यानात येत नाही. रोज भत्ता ही खर्चाची भरपाई नसून ठरलेली रक्कम असते. त्यामुळे मेडिक्लेममधून संपूर्ण बिल भागले असले, तरी भत्ता वेगळा मागता येतो. मूळ कागद मेडिक्लेम कंपनीकडे गेलेले असतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या साक्षांकित प्रती भत्त्यासाठी द्याव्या लागतात. अपघाती रुग्णालय खर्चाचे तसे नाही. तो प्रत्यक्ष खर्चावर मिळतो, म्हणून एकच रक्कम दोन कंपन्यांकडून घेता येत नाही. मेडिक्लेमची मर्यादा संपल्यावर जे बिल उरेल, तेवढ्यासाठी दुसरीकडे जाता येते. ज्यांच्याकडे आधीच चांगला मेडिक्लेम आहे त्यांनाच बँकेच्या मोफत कवचाचा खरा फायदा होतो.

कार्ड वापरले होते का?

कार्डाशी जोडलेल्या विम्यात एक अट अशी आहे की, ती माहीत नसल्यामुळे पात्र कुटुंबालाही पैसे मिळत नाहीत. ती अट म्हणजे अपघातापूर्वीच्या ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेले असणे. जनधन खात्याच्या रुपे कार्डाचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. 28 ऑगस्ट 2018 पर्यंत उघडलेल्या जनधन खात्यांच्या कार्डावर 1 लाखाचा आणि त्यानंतर उघडलेल्या खात्यांवर 2 लाखांचा अपघाती मृत्यू व कायम अपंगत्व विमा आहे. खातेदाराला एक रुपयाही भरावा लागत नाही. पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत त्या कार्डाने किमान एक व्यवहार यशस्वी झालेला असला पाहिजे. पैसे काढणेच आवश्यक नाही, एटीएमवर शिल्लक तपासणेही चालते. गावोगाव कितीतरी कार्डे पाकिटातून बाहेरही न काढता कपाटात ठेवलेली असतात. अशा घरातल्या कर्त्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला, तर कार्ड असूनही विमा नसल्यासारखाच. तीन महिन्यांतून एकदा एटीएमपर्यंत जाऊन शिल्लक पाहणे, एवढ्याने हा हक्क जिवंत राहतो. हा विमा आजाराचे बिल देत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

खासगी बँकांच्या डेबिट कार्डांवर ही अट जास्त कडक असते. काही ठिकाणी एटीएममधून काढलेले पैसे धरत नाहीत, दुकानातली किंवा ऑनलाइन खरेदीच धरतात, आणि मुदत 30 दिवसांपर्यंत खाली येते. आता बहुतेक लोक छोटे व्यवहार मोबाइलवरून यूपीआयने करतात. खात्यातून रोज पैसे जात असले, तरी कार्डाचा वापर म्हणून ते मोजले जातीलच असे नाही. जाहिरातीतला मोठा आकडाही नीट पाहावा लागतो. 1 कोटीचे कवच विमान अपघाताचे असते आणि तेही तिकीट त्याच कार्डाने काढलेले असेल तरच. रस्त्यावरच्या अपघाताची रक्कम त्याच्या शेजारी लहान अक्षरांत असते. महाराष्ट्रातल्या सामान्य कार्डधारकाला धोका कुठला जास्त आहे, हे वेगळे सांगायला नको.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे लागते. कार्डाची मूळ सोय म्हणून असलेले कवच आणि फोनवरून विकले जाणारे कवच यांत फरक आहे. फोनवर ‘तुमच्या कार्डावर आरोग्य योजना मंजूर झाली आहे’ असे सांगितले जाते, जन्मतारीख आणि होकार घेतला जातो आणि पुढच्या बिलात हप्ता लागतो. हा रीतसर विकत घेतलेला विमा आहे, मोफत नाही. नको असेल तर प्रमाणपत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत तो परत करता येतो का, हे त्याच प्रमाणपत्रावर तपासावे आणि रद्द करण्याची विनंती लेखी करावी. कार्डावर किंवा खात्यावर मिळणारे डॉक्टरांशी फोनवर बोलणे, वर्षातून एक तपासणी, औषधांवर सूट हे तर विमाच नव्हे. त्यांचा क्लेम होत नाही.

कर्जासोबतचा विमा

कर्जाबरोबर येणारे आरोग्य कवच क्वचितच मोफत असते. ते मोफत वाटते, कारण त्याचा हप्ता वेगळा भरावा लागत नाही, कर्जात मिळवला जातो. समजा, 10 लाखांचे वैयक्तिक कर्ज पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे 22,244 रुपये येतो. त्यात विम्याचे 25,000 रुपये मिळवून कर्ज 10,25,000 चे केले, तर हप्ता साधारण 22,800 होतो. महिन्याला 556 रुपये वाढले, हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाच वर्षांत मात्र 25,000 च्या विम्यासाठी 33,000 रुपयांहून अधिक गेलेले असतात. गृहकर्ज वीस वर्षांचे आणि विमा पाचच वर्षांचा, असेही घडते, तेव्हा विमा संपल्यावरही त्याच्या हप्त्याचे व्याज चालू राहते.

या विम्यात साधारणपणे अपघाती मृत्यू, कायम अपंगत्व, ठरलेले गंभीर आजार आणि कधी नोकरी गेल्यास दोनतीन महिन्यांचे हप्ते एवढे असते. रुग्णालयाचे बिल यात येत नाही. गंभीर आजारांची यादी मोठी दिसते, पण प्रत्येक आजाराची व्याख्या विमा नियामकाने ठरवून दिलेल्या साच्यातली असते आणि ती अरुंद असते. छातीत दुखून अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे ‘हृदयविकाराचा झटका’ सिद्ध झाला असे नाही. ईसीजीतले नवे बदल आणि रक्तातल्या विशिष्ट घटकांची वाढ कागदावर दिसावी लागते. पक्षाघातात मेंदूची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. कर्करोगाची अगदी प्राथमिक अवस्था व्याख्येबाहेर राहते. त्यावर बहुधा विमा सुरू झाल्यापासून 90 दिवसांचा प्रतीक्षा काळ असतो आणि निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, अनेकदा 30, जिवंत राहिला पाहिजे अशीही अट असते. या अटी अन्यायाच्या आहेत असे नाही. त्या कर्जाच्या कागदावर सही करताना सांगितल्या जात नाहीत, हा अन्याय आहे.

‘अपघात’ या एका शब्दावर किती काही अवलंबून असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 26 मार्च 2019 च्या एका निकालातून दिसते. आसाममधल्या चहाच्या व्यवसायात काम केलेल्या एका व्यवस्थापकाने 2011 साली राष्ट्रीयीकृत बँकेकडून सुमारे 13 लाखांचे गृहकर्ज घेतले. त्याबरोबर नॅशनल इन्शुरन्स कंपनीची गृहकर्जाशी जोडलेली पॉलिसी होती, तिच्यात अपघाती मृत्यूचे कवच होते. पुढे तो नोकरीसाठी मोझांबिकला गेला आणि 2012 मध्ये तिथे मलेरियाने त्याचा मृत्यू झाला. डास चावणे ही अचानक, बाहेरून घडलेली घटना आहे, म्हणून हा अपघातच, असे कुटुंबाचे म्हणणे होते. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सर्वांनी ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते फिरवले. मोझांबिकमध्ये दर तीन माणसांमागे एकाला मलेरिया होत असल्याची आकडेवारी न्यायालयापुढे होती. जिथे मलेरिया इतका पसरलेला आहे तिथे डास चावून आजार होणे हे अनपेक्षित म्हणता येत नाही, तो निसर्गक्रमाने झालेला आजार आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, न्यूमोनिया, हृदयविकार यांनी मृत्यू पावणाऱ्यांच्या कुटुंबांनी अपघात कवचावर भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, ते या निकालाने पक्के केले. केवळ अपघाती मृत्यूचा विमा असलेल्या कर्जदाराने कर्ज फिटेपर्यंतचा साधा मुदत विमा वेगळा घेतला, तर मृत्यूचे कारण काहीही असो, घर वाचते.

विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असे शाखेत तोंडी सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँक आपल्यामार्फत विकला जाणारा विमा घेण्याची सक्ती करू शकत नाही, ग्राहकाचा सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असला पाहिजे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना मुख्य तथ्यपत्रक देणे सक्तीचे आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, आणि बँकेने दुसऱ्या संस्थेच्या वतीने वसूल केलेला विम्याचा खर्चही त्या दरात धरावा लागतो. व्याजदर बारा टक्के सांगितला आणि तथ्यपत्रकातला दर तेरा-चौदाच्या घरात दिसला, तर मधल्या फरकात प्रक्रिया शुल्काबरोबर विमा आहे का, हे तिथेच विचारता येते. कर्ज मुदतीआधी फेडले असेल, तर उरलेल्या काळाच्या हप्त्याचे काय होते हेही विचारावे. अनेक योजनांत त्याचा प्रमाणशीर परतावा मिळतो, पण तो मागावा लागतो, आपोआप खात्यात येत नाही.

कागद मागणे आणि क्लेम करणे

आपल्याकडे नेमके काय आहे हे जाणून घेण्यासाठी बँकेकडे लेखी मागणी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. शाखेतला कर्मचारी तोंडी सांगतो ते पुराव्याच्या कामाचे नसते. ईमेलने किंवा अर्जाने पाच गोष्टी मागाव्यात, विमा कंपनीचे नाव, मास्टर पॉलिसीचा क्रमांक, स्वतःच्या नावाचे विमा प्रमाणपत्र, कवच सुरू व संपण्याची तारीख आणि ग्राहक माहिती पत्रक. हे पत्रक फार उपयोगी आहे. 1 जानेवारी 2024 पासून विमा नियामकाने त्याचा सोपा नमुना लागू केला. काय मिळते, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ किती, क्लेम कसा करायचा, हे त्यात थोडक्यात असते आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीतही, देण्याची तरतूद आहे. हे कागद हाती आले की पाहायचे ते एवढेच. ‘दाखल होणे’ या शब्दांपुढे ‘अपघातामुळे’ असे लिहिले आहे का, भत्त्यात पहिल्या दिवसाची वजावट आहे का आणि कार्ड वापरण्याची किंवा शिल्लक ठेवण्याची अट किती दिवसांची आहे. या तीन उत्तरांत कवचाची खरी किंमत कळते.

दुसरे काम घरातल्या माणसांना सांगण्याचे. मोफत विम्याचे कितीतरी क्लेम केलेच जात नाहीत, कारण ज्याला माहिती होती तोच माणूस गेलेला असतो किंवा अतिदक्षता विभागात असतो. विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि क्लेमचा फोन नंबर कागदावर लिहून पासबुकात ठेवला आणि पती, पत्नी किंवा मुलांना दाखवला, तर हे टळते. खात्याला नामनिर्देशन केलेले आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. अपघाताच्या क्लेमला पोलिसांची नोंद फार महत्त्वाची असते. शेतात पडणे, विहिरीवर विजेचा धक्का बसणे, साप चावणे अशा घटनांत गावाकडे पोलिसांपर्यंत कोणी जात नाही, शवविच्छेदन नको म्हणून आप्तेष्ट आग्रह धरतात. दुःखाच्या त्या वेळी हे समजण्यासारखे आहे, पण पहिली खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. जखमी व्यक्तीला दाखल करताना तो अपघात असल्याची नोंद रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर झाली पाहिजे. केस पेपरवर नुसते ‘हातदुखी’ असे लिहिले गेले, तर पुढे त्याचा खुलासा करण्यात महिने जातात. क्लेमची सूचना मुदतीत द्यावी. मुदत योजनेनुसार बदलते आणि ती प्रमाणपत्रावर असते.

बँकेमार्फत कधीकधी खराखुरा गट मेडिक्लेमही मिळतो, मोफत नव्हे पण सवलतीच्या हप्त्यात. तो असेल तर त्याला कमी लेखू नये. अशी योजना बंद होत असेल किंवा खाते बंद करायचे असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक मेडिक्लेममध्ये जाण्याची सोय असते आणि आधी पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ पुढे धरला जातो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ 1 एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने केला आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याची त्यातली दोन वर्षे गटात गेली असतील, तर ती वाया घालवणे म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून थांबणे. हा अर्ज कवच चालू असतानाच करावा लागतो. मात्र अपघात कवचातला किंवा रोज भत्त्यातला काळ मेडिक्लेमसाठी असा मोजला जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

क्लेम नाकारला गेला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि नकाराचे कारण पॉलिसीच्या कलमासह मागावे. बँक आणि विमा कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागल्या, तर दोघांनाही एकाच पत्रात संबोधित करावे. क्लेम देण्याची जबाबदारी विमा कंपनीची असली, तरी सदस्याचे नाव कंपनीला कळवणे हे बँकेचे काम असते, आणि त्यात तिने चूक केली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्याविरुद्ध दाद मागता येते. विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा नियामकाच्या बिमा भरोसा या संकेतस्थळावर किंवा 155255 या क्रमांकावर नोंदवता येते. त्यापुढचा दरवाजा विमा लोकपालाचा. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे जाता येते. मुंबई आणि पुणे इथे त्याची कार्यालये आहेत, 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे, तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील नेमावा लागत नाही.